जहांगीरचा पेरू आणि कोरडी छाती

आमच्या मजल्यावरच्या गोव्याच्या आंटींनी मला पहिल्यांदा सांगितलं, “नाताळाला आमच्याकडे पेरू भाजतात,” तेव्हा मी फळच समजलो होतो. मीठ-तिखट लावून निखाऱ्यावर वगैरे. मग त्यांनी फ्रीझर उघडून साडेचार किलोचं गोठलेलं धूड दाखवलं. पोर्तुगीज भाषेत टर्की पक्ष्याला ‘पेरु’ म्हणतात आणि तोच शब्द गोव्यातून हिंदीतही गेला. मराठीत मात्र ती जागा फळाने आधीच अडवलेली, म्हणून आपण इंग्रजांचा ‘टर्की’ उचलला.

या पक्ष्याच्या नावाचा घोळ जगभर आहे. तो मूळचा मेक्सिकोकडचा, तिथल्या लोकांनी फार पूर्वी माणसाळवलेला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात पोचला. पण इंग्रजांना वाटलं तुर्कस्तानातून आला. तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंच नावातही हिंदुस्थान आहे, आणि डचांच्या ‘कालकून’मध्ये तर आपलं कालिकत बसलेलं आहे. सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. बिचाऱ्या मेक्सिकोचं नाव कुणी घेतलं नाही.

हिंदुस्थानात मात्र त्याच्या आगमनाची चक्क लेखी नोंद आहे. 1612 साली जहांगीरने मुकर्रब खान या आपल्या सरदाराला गोव्याला पाठवलं होतं, पोर्तुगीजांकडून दुर्मीळ वस्तू मिळतील त्या किमतीला घेऊन ये म्हणून. त्याने आणलेल्या प्राण्यांत हा पक्षी होता. जहांगीरने आत्मचरित्रात त्याचं वर्णन केलंय: लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान, माजावर आला की पिसारा फुलवतो, डोक्या-मानेचा रंग सरड्यासारखा बदलत राहतो, आणि चोचीवरचं मांस कधी हत्तीच्या सोंडेसारखं लोंबतं, तर कधी गेंड्याच्या शिंगासारखं उभं राहतं. त्याने चित्रकारांना चित्रं काढायला लावली. उस्ताद मन्सूरने काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

ते चित्र मोबाइलवर झूम करून पाहा आणि पक्ष्याची छाती बघा. मग दुकानात मिळणारा गोठवलेला टर्की बघा. माझ्या मते टर्कीच्या कोरडेपणाची निम्मी गोष्ट या दोन छात्यांमध्ये आहे.

‘टर्की कोरडा का होतो?’ याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘त्यात चरबी कमी असते.’ हे खोटं नाही, पण फार पुरतही नाही. कातडी काढलेल्या कच्च्या चिकनच्या छातीत शंभर ग्रॅममागे साधारण 2 ते 3 ग्रॅम चरबी असते, टर्कीच्या छातीत 1 ते 2 ग्रॅम. एखाद-दुसऱ्या ग्रॅमचा हा फरक. दोन्ही पक्ष्यांत चरबी मुख्यतः कातडीखाली असते. डुकराच्या मांसात ती तंतूंच्या मध्ये पसरलेली असते, तशी इथे नसते. त्यामुळे चिकनची छाती जास्त शिजवलीत तर तीही खडूसारखीच लागते. मांस रसाळ वाटतं ते बहुतांशी आत टिकलेल्या पाण्यामुळे, आणि ते पाणी किती टिकणार हे तापमान ठरवतं.

छातीच्या मांसातली प्रथिनं 50-55 अंश सेल्सिअसच्या आसपास आकसायला लागतात. 65च्या पुढे दुसरी प्रथिनं आवळत जातात आणि पिळलेल्या कपड्यासारखं पाणी बाहेर पडतं. 75-80ला छातीत फारसं काही उरत नाही. तंगडीचं गणित उलटं असतं. हा पक्षी दिवसभर चालतो, उडतो क्वचित. त्यामुळे पायाचे स्नायू गडद आणि चिवट पडद्यांनी भरलेले असतात. त्या पडद्यांतलं कोलॅजन विरघळून मऊ, चिकट व्हायला 75-80च्या वरचं तापमान आणि वर पुरेसा वेळ लागतो. 65 अंशांची छाती उत्तम लागते, 65 अंशांची तंगडी रबरासारखी. म्हणजे अख्खा पक्षी भाजणं याचा अर्थ दोन वेगळे पदार्थ एकाच वेळी, एकाच भट्टीत, एकमेकांना चिकटलेले असताना शिजवणं.

हे चिकनलाही लागू आहे. मग आपली बोंब टर्कीच्याच बाबतीत का? कारण आकार.

उष्णता बाहेरून आत सरकायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट. वजन मात्र जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दोन्ही एकत्र केलं की वेळ वजनाच्या दोन-तृतीयांश घातांकाने वाढतो, सरळ वजनाच्या पटीत नाही. स्टॅनफर्डच्या कण-त्वरकाचे संचालक राहिलेले भौतिकशास्त्रज्ञ पानोफ्स्की यांनी घरच्या टर्कीसाठी नेमकं हेच सूत्र बांधलं होतं:

t = W^(2/3) / 1.5

W म्हणजे पौंडांतलं वजन, t म्हणजे तास, भट्टी 325 फॅरनहाइट (सुमारे 163 सेल्सिअस) आणि पक्षी पोटात सारण भरलेला. दीड किलोच्या, म्हणजे 3.3 पौंडांच्या पक्ष्याला हे सूत्र जवळजवळ दीड तास देतं. त्यावरून कुणी ‘किलोला एक तास’ असा ठोकताळा काढला, तर 6 किलोच्या टर्कीला तो 6 तास भट्टीत ठेवेल. सूत्र सांगतं पावणेचार तासांहूनही थोडं कमी. चिकनवर बेतलेला ठोकताळा टर्कीला लावला की पक्षी दोन तासांहून जास्त फुकट भाजला जातो. लिनिअर स्केलिंगचा हा बग मी ऑफिसातही पाहिलाय, तिथे निदान जेवण वाया जात नाही.

सूत्र पाळलं तरी एक गोष्ट उरतेच. पावणेचार तासांत मधला भाग 65ला पोचेपर्यंत छातीचा बाहेरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर कितीतरी वेळ 80च्या वर राहिलेला असतो. चिकनमध्ये हा थर पातळ आणि वेळ कमी, म्हणून ते निभावतं. जाडी वाढेल तसा बाहेरचा बळी मोठा.

आणि जाडी माणसाने वाढवली. मन्सूरने रंगवला तो पक्षी अरुंद छातीचा, स्वतःच्या पायांवर ताठ चालणारा होता. विसाव्या शतकात अमेरिकेत रुंद छातीच्या जाती निवडून पैदास झाली, आधी ब्राँझ रंगाची, मग पांढरी, कारण पांढरं मांस विकलं जातं. आजच्या व्यापारी टर्कीची छाती इतकी अवजड असते की नराला नैसर्गिक समागम जमत नाही. पैदास कृत्रिम रेतनानेच होते. तंगड्या त्या प्रमाणात जाड झाल्या नाहीत. दोन भागांतली दरी रुंदावत गेली.

भाजण्याची पद्धतही बदलली. पूर्वी युरोपात पक्षी सळईवर टोचून उघड्या विस्तवासमोर फिरवत. प्रत्येक बाजू थोडी तापायची, मग थोडी विसावायची, आणि आचारी विस्तवाचं अंतर कमी-जास्त करायचा. 1861 सालच्या मिसेस बीटनच्या प्रसिद्ध पाकपुस्तकात टर्कीच्या छातीवर लोणी लावलेला कागद बांधायला सांगितलंय, म्हणजे छाती आधी होते हे तेव्हाच्या बायकांना ठाऊक होतं. तिथे 10 पौंडांच्या पक्ष्याला वेळ दिलाय सुमारे 2 तास. बंद ओव्हन आल्यावर पक्षी उताणा ट्रेमध्ये गेला. छाती वर, उघडी. तंगड्या अंगाशी बांधलेल्या, मांड्यांचे सांधे खाली ट्रेच्या सावलीत. ज्याला कमी उष्णता हवी त्याला सगळ्यात जास्त. पोटात सारण भरलं की तेही सुरक्षित तापमानाला पोचेपर्यंत छातीने थांबायचं.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा उभा राहिला नाही, कारण आपण कोंबडी तोडून रश्शात टाकतो. तंदुरी चिकन अख्खं असतं, पण पक्षी लहान आणि चिरा खोल. चीर म्हणजे जाडी कमी करणंच.

तर आंटींचा पेरू. त्यांनी तो आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली ठेवला होता. फ्रिजमध्ये दोन किलोमागे एक दिवस असा हिशेब धरायचा असतो, म्हणजे साडेचार किलोला दोन दिवसांहून जास्त. सकाळी पोटात हात घातला तर आत बर्फ. अशा पक्ष्याची बाहेरची बाजू जळेल तेव्हा सांध्याजवळ रक्त असेल. जेवण संध्याकाळवर ढकललं. पक्षी पिशवीत बंद करून गार पाण्यात ठेवला आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलत राहिलो. शिवाय त्यांच्या ओटीजीत तो उभा-आडवा कसाही मावेना.

मग मी सुचवलं, कात्रीने पाठीचा कणा कापून काढू. आंटी म्हणाल्या, “अरे बाबा, मग टेबलावर काय ठेवू?” शोभेचा मुद्दा खरा होता, पण ओटीजीने वाद मिटवला. शेवटी तंगड्या मांडीसकट वेगळ्या केल्या, छाती हाडासकट ठेवली. मीठ चोळलं. पिशवीवर ‘मिठाचं पाणी टोचलेलं’ असं काही छापलेलं नव्हतं, हे आधी वाचून घेतलं. तसं असेल तर वरून मीठ घालायचं नसतं. आधी तंगड्या गेल्या, छाती तासाभराने.

तपासायला सुईचा थर्मामीटर वापरला. छातीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, कारण हाडाजवळचा आकडा फसवतो. अमेरिकी सरकारी सल्ला 74 अंशांचा आहे. 66-67 अंश काही मिनिटं टिकले तरी जंतू तेवढेच मरतात, आणि बाहेर काढल्यावर आतलं तापमान आणखी चार-पाच अंश चढतं. आम्ही छाती 67ला काढली आणि अर्धा तास तशीच ठेवली. तंगड्या 83ला काढल्या. रस गुलाबी आहे की पारदर्शक यावर आम्ही विसंबलो नाही. 70 अंशांनाही कधीकधी मांडीचा रस गुलाबी दिसतो.

छाती कापली तेव्हा बाहेरचा जेमतेम एक सेंटिमीटर कोरडा होता. आंटींच्या धाकट्या भावाने तेवढंच शोधून काढलं आणि म्हणाला, “पेरू तो पेरूच.” तंगड्यांबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण त्या आधीच संपल्या होत्या. उरलेल्या छातीची दुसऱ्या दिवशी शागुती झाली.