चैत्रगौरीच्या पायऱ्यांवरचा फराळ

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. त्या महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी किंवा शुक्रवारी हळदीकुंकू ठरतं. त्या दिवशी गौरीपुढच्या पायऱ्यांवर जे मांडायचं, ते शोभेचंही असतं आणि नंतर खायचंही.

या पायऱ्या नीट पाहिल्या तर आपल्या रत्नागिरीचा इतिहास दिसतो. कैऱ्या, नारळ, फणस हे परसातलं. काजूची बोंडं परसातलीच, पण ते झाड पोर्तुगीजांनी आणलेलं. ओटीतला हरभरा आणि डाळीतली हरभऱ्याची डाळ घाटावरची. आपल्याकडे पिकतो भात, गहू नाही. म्हणजे करंजी आणि शंकरपाळी नेहमीच विकतच्या जिनसांवर. दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर आली तेव्हा ही ताटं आटली असणार. मुंबईची मनीऑर्डर येणाऱ्या घरी लाडवांचा डोंगर, इतरांकडे कैऱ्यांची रास, असा फरक आराशीत लगेच कळे.

आता डोंगराचंच सांगतो. काठाच्या ताटात खाली चार ओळींत चार-चार असे सोळा लाडू, त्यांच्या खाचांत नऊ, मग चार, वर एक. तीस लाडवांत डोंगर उभा राहतो. काठ नसेल तर खालचा थर सरकतो. लाडू पाकातल्या रव्याचे, ओलं खोबरं न घातलेले हवेत. एका वर्षी आम्ही बेसनाचे रचले. वैशाखाच्या उकाड्यात तूप सैल झालं, खालचे लाडू बसके झाले आणि हळदीकुंकू सुरू व्हायच्या आतच डोंगर कलला. बेसनाचे लाडू एका थरातच बरे.

करंज्या मुरड बाहेर करून गोल लावाव्यात, वळणाऱ्या हाताचं काम त्यातच दिसतं. चकली मात्र शेवटी मांडावी. आपल्या दमट हवेत ती मऊ पडते. मोडताना आवाज आला नाही की समजावं, उशीर झाला. कमळासारखं कापलेलं कलिंगडही बायका यायच्या वेळीच ठेवावं. आंब्याची डाळ आणि पन्हं आराशीत नकोच, झाकून आत ठेवावं. डाळीला आंबूस वास आला, बोटाला तार लागली, तर ती कुणाला देऊ नये.

एक गोष्ट सांगायची राहिली. या पायऱ्यांवरचे लाडू कित्येक घरांत विधवा आत्या-काकूंनी वळलेले असत, आणि हळदीकुंकवाला त्याच माजघरात बसत. आमच्या गटात आता आमंत्रण सगळ्यांना जातं. गेल्या वर्षी करंज्यांचं ताट लावलं ते अशाच एका काकूंनी, आणि वाटायलाही त्याच उभ्या होत्या. पहिली करंजी कुणी घ्यायची यावरून जरा कुजबुज झाली. काकूंनी ती शेजारच्या पोरीच्या हातावर ठेवली आणि ताट पुढे नेलं.