द्विपद प्रमेय : हवे ते पद थेट काढणे

दोन पदांच्या बेरजेचा किंवा वजाबाकीचा कोणताही धन पूर्णांक घात प्रत्यक्ष गुणाकार न करता विस्तारून देणारे बीजगणितातील प्रमेय. (a + b)ⁿ म्हणजे तोच कंस n वेळा गुणणे. प्रत्येक कंसातून a किंवा b यांपैकी एकच उचलायचे असते. त्यामुळे r कंसांतून b घेतला की उरलेल्या n − r कंसांतून a येतो, आणि असे r कंस जितक्या प्रकारे निवडता येतात तितक्या वेळा ते पद मिळते. त्या प्रकारांची संख्या ⁿCᵣ. म्हणून व्यापक पद असे :

Tᵣ₊₁ = ⁿCᵣ aⁿ⁻ʳ bʳ

r ची सुरुवात शून्यापासून होते. सातवे पद हवे असेल तर r = 6 घ्यावा लागतो; हा एकाचा फरक विसरल्याने शेजारचेच पद हाती येते.

एखादेच पद हवे असताना सगळा विस्तार लिहिणे व्यर्थ असते. (2x² − 3/x)⁹ या विस्तारात x नसलेले पद, म्हणजे स्थिरपद, काढायचे आहे असे समजा. दुसरे पद उणे चिन्हासकट −3/x धरावे. मग व्यापक पद ⁹Cᵣ (2x²)⁹⁻ʳ (−3/x)ʳ होते. प्रथम आकडे बाजूला ठेवून फक्त x चे घातांक गोळा करावेत : 2(9 − r) − r = 18 − 3r. हा घातांक शून्य व्हायला r = 6, म्हणजे सातवे पद. आता आकडे घालावेत :

⁹C₆ · 2³ · (−3)⁶ = 84 × 8 × 729 = 489888

परीक्षेत पुष्कळांचे उत्तर 84 वरच थांबते. 84 ही केवळ निवडींची संख्या. पदाच्या सहगुणकात 2 आणि −3 यांचे घातही येतात.

याच विस्तारात x³ चा सहगुणक काढताना r = 5 येतो आणि 126 × 16 × (−243) = −489888 मिळते. आकडा तोच, चिन्ह उलटे! यात गणिताची चूक नाही. r = 5 च्या सहगुणकावरून r = 6 च्या सहगुणकाकडे जाताना निवडींची संख्या 4/6 पट होते, तर घातांमुळे −3/2 ने गुणले जाते; दोन्ही मिळून −1. x² चा सहगुणक विचारला तर 18 − 3r = 2 वरून r = 16/3 येतो. कंस पूर्ण संख्येनेच निवडता येतात, तेव्हा असे पद विस्तारात नाहीच, सहगुणक शून्य.

संपूर्ण विस्तार लिहिलाच असेल तर पडताळा सोपा आहे : x = 1 घातल्यास सर्व सहगुणकांची बेरीज (2 − 3)⁹ = −1 यायला हवी. मात्र ही कसोटी एकट्या पदाला लागू पडत नाही.

ⁿCᵣ च्या संख्या भारतात छंदःशास्त्रातून आल्या. n अक्षरांच्या चरणात r गुरू किती प्रकारे बसतात, हा प्रश्न तिथे होता; पिंगलाच्या सूत्रांवरील दहाव्या शतकातील टीकेत हलायुधाने त्यांची मेरुप्रस्तार ही मांडणी स्पष्ट केली आहे. घातांक ऋण किंवा अपूर्णांक असल्यास निवडीचा हा अर्थ उरत नाही. न्यूटनने दाखविलेला तिथला विस्तार अनंत श्रेणीचा असतो आणि (1 + x)ⁿ साठी x चे केवलमूल्य १ पेक्षा लहान असताना ती अभिसारी असते.