नेटकॅटची कुळकथा

दूरच्या सर्व्हरचं एखादं पोर्ट उघडं आहे का, हे पाहायला नेटकॅट येण्याआधी बहुतेक जण टेलनेट वापरत. पत्ता आणि पोर्टचा क्रमांक द्यायचा आणि जोडणी होते का ते बघायचं. पण टेलनेट घडलं होतं ते दूरच्या संगणकावर लॉगिन करण्यासाठी. त्याचे १९८३ साली पक्के झालेले नियम सांगतात की २५५ या किमतीचा बाइट आला, की तो मजकूर न समजता पुढच्या हुकमाची खूण समजायचा. अक्षरांच्या संवादात हे चालून जातं. चित्राच्या किंवा दाबून लहान केलेल्या फायलीत मात्र २५५ हा बाइट पावलोपावली येतो आणि टेलनेट तो मध्येच गिळून टाकतं. शिवाय ‘जोडतो आहे’, ‘जोडलं गेलं’ असे स्वतःचे निरोप ते पलीकडून आलेल्या मजकुरातच मिसळतं. इकडचं इनपुट संपलं की उत्तराची वाट न पाहता बंद होतं. आणि स्वतः पोर्ट उघडून कुणाची वाट बघत बसणं तर त्याला येतच नाही.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘हॉबिट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरने नेटकॅट प्रसिद्ध केलं आणि मार्च १९९६ मध्ये त्याची १.१० ही आवृत्ती आली. सोबतच्या टिपणात टेलनेटच्या या उणिवा त्याने एकेक करून मांडल्या होत्या. त्यावरचा त्याचा उपाय भर घालण्याचा नव्हता, काढून टाकण्याचा होता. इनपुटवर जे येईल ते जसंच्या तसं जोडणीत सोडायचं, जोडणीतून जे येईल ते जसंच्या तसं आउटपुटवर ठेवायचं आणि स्वतःचे निरोप वेगळ्या वाटेने द्यायचे. माझं म्हणणं असं, की पोर्ट तपासणं आणि फाइल पाठवणं ही नेटकॅटची दोन कामं वरवर वेगळी दिसली, तरी ती या एकाच निर्णयातून आली आहेत. त्याच्या मर्यादाही तिथूनच आल्या आहेत.

आधी पोर्टची तपासणी घेऊ. समजा, डेटाबेस सर्व्हरचं ५४३२ क्रमांकाचं पोर्ट आपल्याला गाठता येतं का, हे बघायचं आहे.

```
nc -vz -w 3 192.0.2.10 5432
```

इथे `-z` म्हणजे काहीही न पाठवता फक्त जोडणी करून बघ, `-v` म्हणजे काय झालं ते सांग आणि `-w 3` म्हणजे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नकोस. उत्तरं मुख्यतः तीन प्रकारची येतात. `succeeded` आलं, तर जोडणी झाली. `Connection refused` आलं, तर पलीकडून स्पष्ट नकार आला. बहुतेक वेळा याचा अर्थ असा, की संगणक जागा आहे आणि तिथवरची वाटही मोकळी आहे, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. क्वचित फायरवॉलही असाच नकार देते. तीन सेकंद सरले आणि `timed out` आलं, तर आपली पाकिटं कुठेतरी परस्पर टाकून दिली जात आहेत. हे काम बहुधा फायरवॉलचं असतं, पण संगणक बंद असला किंवा पत्ता चुकला, तरी अशीच शांतता मिळते. नकार आणि शांतता यांतला हा फरक कामाला लावण्याजोगा आहे. नकार मिळाला तर सर्व्हिस चालू आहे का ते बघायचं आणि शांतता मिळाली तर वाटेतले नियम तपासायचे.

यावर आक्षेप असा, की `succeeded` दिसलं म्हणून डेटाबेस ठीक चालला आहे असं थोडंच होतं? आक्षेप खरा आहे. टीसीपीची जोडणी ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच पुरी करते, त्यामुळे मागचा प्रोग्राम अडकून पडलेला असला तरी जोडणी यशस्वी दिसू शकते. यूडीपीच्या बाबतीत तर `-u` लावून केलेली तपासणी आणखी कच्ची ठरते. तिथे जोडणी हा प्रकारच नाही, म्हणून नकार आला नाही याचाच अर्थ ‘उघडं’ असा लावला जातो आणि फायरवॉलची शांतताही यश म्हणून दिसते. पण यावरून तपासणी निरुपयोगी ठरत नाही, तिच्या उत्तराची हद्द कळते. वाट आहे का, एवढंच ती सांगते.

आता फाइल. आधी घेणाऱ्या संगणकावर पोर्ट उघडून बसायचं:

```
nc -l 9000 > backup.tar
```

आणि मग पाठवणाऱ्या संगणकावर:

```
nc -N 192.0.2.20 9000 < backup.tar
```

`-N` नसेल तर काय होतं, त्यातच या अवजाराच्या वंशाची मोठी गोष्ट आहे. फाइल पूर्ण जाते, पण दोन्हीकडचे प्रोग्राम तसेच थांबून राहतात. वापरणारा कंटाळून कंट्रोल-सी दाबतो आणि त्या क्षणी शेवटचे बाइट वाटेत असले, तर पलीकडे अपुरी फाइल राहते. नेटकॅट आपणहून का थांबत नाही? कारण टीसीपीची जोडणी दुहेरी असते. इकडचं बोलणं संपलं, म्हणजे तिकडचं संपलं असं नसतं. वेब सर्व्हरला विनंती पाठवली आणि लगेच जोडणी तोडली, तर उत्तर हाती लागणार नाही. टेलनेटचा दोष हाच होता. शेवट कुठे आहे हे बाइटांवरून कळत नाही, ते वापरणाऱ्यालाच सांगावं लागतं. हॉबिटच्या टिपणातल्या उदाहरणात त्यासाठी `-w 3` होतं, डेबियनच्या आवृत्तीत `-q` आलं, ओपनबीएसडीसाठी एरिक जॅक्सनने नव्याने लिहिलेल्या नेटकॅटच्या वंशात `-N` आलं आणि एनमॅप प्रकल्पाच्या एनकॅटने `--send-only` दिलं. घराणी वेगळी, प्रश्न तोच. म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर काम करताना तिथलं `nc` कोणत्या घराण्यातलं आहे, हे `nc -h` ने आधी बघून घ्यावं. जुन्या घराण्यात ऐकण्यासाठी `nc -l -p 9000` असं लिहावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: `scp` असताना हे हवंच कशाला? नेटकॅट काही लपवत नाही, पाठवणारा कोण ते विचारत नाही आणि फाइल पूर्ण पोचली का हेही सांगत नाही. ९००० क्रमांकाच्या पोर्टवर जो आधी जोडला जाईल, त्याचेच बाइट `backup.tar` मध्ये उतरतील. फाइलीचं नाव आणि परवानग्याही सोबत जात नाहीत. हे सगळं मान्य करूनही, ज्या यंत्रावर एसएसएच बसवलेलंच नाही, किंवा बंद प्रयोगशाळेत दोन यंत्रांमधली नुसती वाट तपासायची आहे, तिथे नेटकॅटला जागा आहे. मात्र त्याने जे केलं नाही, ते आपण करायचं. दोन्हीकडे `sha256sum backup.tar` चालवून आकडे जुळतात का ते बघायचं. जुळले नाहीत, तर फाइल पुन्हा पाठवायची.

म्हणून निवाडा असा: वाट तपासायला नेटकॅट बिनधास्त वापरावं आणि फाइल पाठवायला फक्त आपल्या विश्वासातल्या नेटवर्कवर, शेवटची खूण देऊन आणि हॅश जुळवूनच. ज्या फाइलीत कुणाची खाजगी माहिती आहे, ती यातून पाठवू नये.