म्हादई की मांडवी?

खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी नदी सत्तरीतून वाहत पणजीजवळ समुद्रास मिळते. वरच्या खोऱ्यात तिला म्हादई म्हणतात. खाली, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, ती मांडवी होते. कन्नडात ती महदायी आहे. २०१० साली नेमलेल्या जलविवाद लवादाच्या इंग्रजी नावात ‘महादयी’ हे रूप आले आणि ते मराठी मजकुरातही शिरले.

‘महादयीचे पाणी वळवल्यास मांडवीचा खारटपणा वाढेल’ असे लिहिले, तर दूरच्या वाचकास या दोन नद्या वाटतात. खालच्या गावांचा वरच्या पाण्याशी असलेला संबंध कागदावरच तुटतो, आणि वादाचे मूळ तर तोच संबंध आहे.

म्हणून संपूर्ण नदीसाठी आम्ही ‘म्हादई’ लिहितो; उगमाकडील मराठी बोलीत रुळलेले नाव तेच. पहिल्या उल्लेखात ‘म्हणजेच पणजीची मांडवी’ असा खुलासा करतो. पणजीचे बंदर वा पूल यांचा विषय असेल, तेथे केवळ ‘मांडवी’ योग्य. लवादाचे नाव मात्र ‘महादयी’ असेच ठेवावे. ते बदलल्यास २०१८ चा निवाडा शोधणाऱ्यास मूळ कागद सापडणे कठीण.