भुसभुशीत जमिनीतील शेतविहीर

पूर्णा नदीच्या गाळाच्या पट्ट्यात विहीर खणताना मोठा धोका असतो तो काठ ढासळण्याचा. आधी पूर्ण खड्डा आणि मग बांधकाम, ही पद्धत अशा जमिनीत जिवावर बेतू शकते. त्याऐवजी काँक्रीटची रिंग जमिनीवर समपातळीत ठेवून तिच्या आतील माती काढतात. सर्वांत खालच्या रिंगेची कड धारदार असते. माती निघेल तशी रिंग स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि तिच्यावर दुसरी चढविली जाते. त्यामुळे खोदणारा सदैव भिंतीच्या आडोशाला राहतो. अर्धा मीटर उंचीच्या रिंगा घेतल्यास ८ मीटर खोलीसाठी १६ लागतात आणि जमिनीवरील कठड्यासाठी आणखी २.

माती एकाच बाजूने उकरली, तर रिंग कलते. म्हणून प्रत्येक रिंगेनंतर ओळंबा लावून पाहावा. कललीच, तर उंच राहिलेल्या बाजूखालची माती हळूहळू काढावी.

पाणी लागल्यावर उपशाचे इंजिन आत उतरविण्याचा मोह मात्र टाळावा. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बेशुद्ध सोबत्यास वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही तेथेच कोसळतो. खाली उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधलेला असावा व त्याचे टोक काठावरील माणसांच्या हाती.