शेवटच्या आसनांची दरवाढ

शेवटच्या आसनांची दरवाढ म्हणजे कार्यक्रमाची बहुतेक तिकिटे विकली गेल्यावर उरलेल्या तिकिटांचा दर वाढवण्याची पद्धत होय. समजा, वारणानगर येथे एका नाट्यप्रयोगाची ५०० तिकिटे प्रत्येकी ३०० रुपयांना विक्रीस आहेत. शेवटच्या ४० तिकिटांचा दर ५०० रुपये केला आणि तीही खपली, तर आयोजकांना ८,००० रुपये अधिक मिळतात. प्रयोगाचा खर्च मात्र तेवढाच राहतो.

ग्राहकांचा आक्षेप येथेच असतो. डॅनियल कानेमन, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर यांच्या १९८६ च्या पाहणीत, हिमवादळानंतर बर्फ उपसण्याच्या फावड्याची किंमत १५ डॉलरवरून २० डॉलर करणे ८२ टक्के लोकांना अन्याय्य वाटले. खर्च वाढल्यामुळे केलेली दरवाढ लोक सहसा मान्य करतात. टंचाईचा लाभ उठवण्यासाठी केलेली करत नाहीत.

पूर्वसूचनेचा अभाव हे नाराजीचे दुसरे कारण आहे. २०२४ मध्ये ब्रिटनमधील ओएसिस या बँडच्या कार्यक्रमांची उभ्याने पाहण्याची तिकिटे दोन दरांची होती. स्वस्त तिकिटे संपल्यावर महाग तिकिटे खुली झाली. ऑनलाइन रांगेत दीर्घकाळ थांबलेल्या अनेकांना याची आधी कल्पना नव्हती. पुढे २०२५ मध्ये टिकेटमास्टर या विक्रेत्या कंपनीने असे टप्प्याटप्प्याचे दर २४ तास आधी कळवण्याचे तेथील स्पर्धा नियामकाकडे मान्य केले.

वरील उदाहरणात मूळ दर ५०० रुपये ठेवून पहिल्या ४६० तिकिटांवर २०० रुपयांची सवलत जाहीर केल्यास रक्कम तीच राहते, पण आक्षेप कमी होतो.