नोकरी बदलली, सॅलरी अकाउंट बदललं. मग ईएमआय कुठून कापला जाणार?

नवीन कंपनीने दुसऱ्या बँकेत खातं उघडून दिलं, की जुन्या खात्याकडे आपलं दुर्लक्ष होतं. होम लोनचा हप्ता, विम्याचा प्रीमियम, एसआयपी मात्र तिथूनच कापले जातात. कारण पैसे कापायची परवानगी, म्हणजे मँडेट, ठरावीक खाते क्रमांकासाठी दिलेली असते. पगार दुसरीकडे गेला म्हणून ती आपोआप हलत नाही.

समजा, तुमचा 18,500 रुपयांचा हप्ता दर 5 तारखेला जातो. नवीन पगारातून तुम्ही दर महिन्याला तेवढेच पैसे जुन्या खात्यात टाकता. तीन महिने सुरळीत जातात. पण बऱ्याच बँकांत सलग तीनेक महिने पगार जमा झाला नाही, की सॅलरी अकाउंटचं साधं बचत खातं होतं. मग किमान शिल्लक ठेवावी लागते, नाहीतर शुल्क. चौथ्या महिन्यात असे 120 रुपये कापले गेले आणि 5 तारखेला खात्यात 18,380 उरले, तर हप्ता 'आहेत तेवढे' घेऊन जात नाही. तो अख्खा परत फिरतो. मग बँकेचा दंड वेगळा, कर्ज देणाऱ्याचा वेगळा. थकीत हप्ता लगेच भरला नाही, तर क्रेडिट रिपोर्टवरही डाग. हे सगळं 120 रुपयांपायी!

म्हणून आधी जुन्या खात्याचं पूर्ण 12 महिन्यांचं स्टेटमेंट काढा. तीन महिन्यांचं पाहिलंत तर वार्षिक प्रीमियम हमखास सुटतो. `NACH`, `ACH` किंवा `SI` असं लिहिलेल्या नोंदी शोधा.

मग कर्ज देणाऱ्या संस्थेकडे नवीन खात्याचं मँडेट नोंदवा. हे नेट बँकिंग किंवा डेबिट कार्डवरून ऑनलाइन होतं, पण मंजुरीला वेळ लागू शकतो आणि पुढचा हप्ता जुन्याच खात्यातून जाऊ शकतो. तोवर तिथे हप्त्यापेक्षा दोन-तीन हजार जास्त ठेवा, तेही आदल्या दिवशीच. कर्ज जुन्याच बँकेचं असेल तर तिथे बहुधा `SI` असते. ती बदलायला बँकेकडे वेगळा अर्ज लागतो. एसआयपी आणि प्रीमियमसाठीही त्या त्या कंपनीकडेच जावं लागतं. ओटीटीसारखे यूपीआय ऑटोपे तुमच्या अ‍ॅपमधून रद्द करून नवीन खात्यावर पुन्हा सुरू करता येतात.

नवीन खात्यातून एक हप्ता प्रत्यक्ष गेलेला दिसल्याशिवाय जुनं मँडेट रद्द करू नका.

जुनं खातं बंदच करणार असाल, तर मे महिन्याच्या नोंदी नीट पाहा. 436 आणि 20 रुपये कापलेले दिसले, तर ते प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याचे आहेत. हे विमे बँक खात्याशी जोडलेले असतात. खातं बंद झालं की संरक्षणही संपतं. नवीन बँकेत त्यांचा अर्ज पुन्हा भरावा लागेल.